१३७ तासांचा पीआर

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या पुण्याच्या टीममधल्या एका मुलाने पीआर टाकला, म्हणजे आपला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती. पेमेंटच्या कोडमधला साठेक ओळींचा बदल होता आणि टेस्ट लिहिलेल्या होत्या. तो भाग कॅलिफोर्नियातल्या टीमच्या मालकीचा असल्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्या बाई तिकडे होत्या. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा त्यांच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते.

त्या सकाळी नऊला कामावर बसल्या, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. बसल्याबसल्या पहिलं काम म्हणून त्यांनी हा पीआर उघडला आणि पावणेदहाला दोन कमेंट टाकल्या. मुलाने त्या बुधवारी सकाळी दहाला पाहिल्या, तासाभरात दुरुस्ती केली. ती दुरुस्ती बाईंनी बुधवारी रात्री पावणेदहाला पाहिली आणि आणखी एक शंका विचारली. गुरुवारी सकाळी पुन्हा तासभर काम, गुरुवारी रात्री पावणेदहाला मंजुरी. मुलगा झोपलेला. रात्रीतून तिकडच्या कुणीतरी त्याच फाइलमध्ये दुसरा बदल मर्ज केला, त्यामुळे शुक्रवारी सकाळी कॉन्फ्लिक्ट. तो अर्ध्या तासात सुटला, पण नवा कमिट आला की जुनी मंजुरी रद्द व्हावी अशी सेटिंग आमच्या रेपोमध्ये होती. म्हणून पुन्हा शुक्रवारी रात्री पावणेदहाची वाट. मंजुरी मिळाली, मधे शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी सकाळी दहाला पीआर आत गेला.

मंगळवार संध्याकाळ पाच ते सोमवार सकाळ दहा म्हणजे १३७ तास. त्यातलं प्रत्यक्ष काम मोजलं तर मुलाचे अडीच तास आणि बाईंची चार वेळची पंधरा-पंधरा मिनिटं, एकूण साडेतीन तास. १३३ तासांहून जास्त वेळ तो पीआर कुणाच्याच हातात नव्हता.

हे मी इतक्या बारकाईने मांडतो आहे त्याला कारण आहे. पीआर उघडल्यापासून मर्ज होईपर्यंतचा वेळ आणि रिव्ह्यूला उत्तर मिळायला लागणारा वेळ हे दोन आकडे आता बऱ्याच कंपन्यांच्या डॅशबोर्डवर असतात. टीमची तब्येत कशी आहे हे त्यांवरून ओळखायचं, असं ठरलेलं असतं. मला ते मान्य आहे. हे आकडे मोजावेत, असंच माझं मत आहे. पण आमच्या डॅशबोर्डवर त्या आठवड्यात काय दिसत होतं ते पाहा. त्या बाईंचा रिव्ह्यूचा वेळ, त्यांच्या कामाच्या तासांत मोजलेला, पंधरा मिनिटं होता. त्या यादीत सगळ्यांत वर होत्या. आणि पीआर १३७ तास पडून होता. दोन्ही आकडे खरे होते, दोन्हींत मोजणीची चूक नव्हती. माणूस वेगवान आणि काम अडकलेलं, हे एकाच वेळी घडू शकतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे आकडे कामाच्या रांगेला लावावेत, माणसाच्या नावापुढे कधीच लावू नयेत. आणि रांगेला लावतानाही एकच आकडा पुरत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात.

आधी मोजणीलाच विरोध करणाऱ्यांविषयी. माझे काही जुने सहकारी म्हणतात की रिव्ह्यू ही विचार करायची गोष्ट आहे, तिला घड्याळ लावलं की ती उथळ होते. भीती खरी आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण न मोजण्याची किंमत कोण देतं हेही बघायला हवं. ज्येष्ठ माणसाचा पीआर अडकला तर तो थेट फोन करतो, "अरे, तेवढं बघून टाक ना," म्हणतो आणि काम होतं. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी तसा फोन करत नाही. तिला वाटतं आपल्याच कोडमध्ये काहीतरी खोट असेल म्हणून कुणी बघत नसेल. ती थांबते. तिचं थांबणं कुठेही नोंदलं जात नाही, आणि सहामाहीच्या शेवटी तिचं काम कमी दिसतं. वाट पाहणं मोजलं नाही तर ते सगळ्यांत गप्प माणसाच्या खात्यावर जमा होतं.

दुसरं म्हणजे थांबलेला रिव्ह्यू स्वतःलाच वाढवत नेतो. प्रत्येक पीआरला दोन दिवस लागतात हे एकदा अंगवळणी पडलं की माणसं लहान बदल पाठवणं बंद करतात. दोन दिवस थांबायचंच आहे तर चार गोष्टी एकत्र पाठवू, असा साधा व्यवहारी विचार असतो. साठ ओळींचा पीआर सहाशे ओळींचा होतो. सहाशे ओळी पाहायला कुणाकडे सलग वेळ नसतो, म्हणून तो आणखी लांबतो, आणि पुढचा पीआर आणखी मोठा येतो. मधल्या काळात मुख्य ब्रँच पुढे जात राहते, कॉन्फ्लिक्ट वाढतात. या चक्रात शिरलेली टीम आळशी नसते. उलट तिथे सगळे फार कामात असतात.

गूगलने आपल्या रिव्ह्यूच्या पद्धतीवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात संपूर्ण रिव्ह्यूचा मध्यक वेळ चार तासांपेक्षा कमी होता. हा आकडा आपल्याकडच्या बैठकांत उद्दिष्ट म्हणून फिरतो. पण त्याच अभ्यासात हेही आहे की बदलाचा मध्यक आकार अवघा २४ ओळींचा होता आणि तीन चतुर्थांशांहून जास्त बदलांना एकच रिव्ह्यूअर होता. चार तास हे त्या लहान आकाराचं फळ आहे. सहाशे ओळींच्या पीआरवर चार तासांची अट घातली तर लोक वाचायचं सोडून देतील, एवढंच होईल.

आता तुकड्यांकडे येऊ. पीआरच्या आयुष्यात माझ्या मते चार क्षण टिपावेत: तो रिव्ह्यूसाठी तयार झाला तो क्षण, दुसऱ्या माणसाने पहिल्यांदा काही म्हटलं तो, पहिली मंजुरी मिळाली तो आणि मर्ज झाला तो. त्यांच्यामधले तीन टप्पे वेगवेगळ्या आजारांची लक्षणं दाखवतात.

आमच्या पीआरचे टप्पे असे पडतात. पहिल्या नजरेपर्यंत पावणेपाच तास. तिथून गुरुवारच्या मंजुरीपर्यंत दोन दिवस, म्हणजे ४८ तास. आणि मंजुरी मिळाल्यानंतर मर्जपर्यंत ८४ तास. निम्म्याहून जास्त वेळ मंजुरीनंतर गेला! त्या महिन्यात आमच्याकडे "रिव्ह्यू लवकर करा" अशी मोहीम चालू होती, रोज सकाळी आठवण यायची. ती शंभर टक्के यशस्वी झाली असती तरी या ८४ तासांतला एक तासही वाचला नसता. तिथला उपाय एका टिकमार्कचा होता. गिटहबवर ऑटो-मर्जची सोय आहे; पीआरवर ती लावून ठेवली की मंजुरी आणि टेस्ट पूर्ण होताच तो आपोआप आत जातो. ती आमच्या रेपोमध्ये चालू असती तर गुरुवारी रात्री पावणेदहालाच, मुलगा झोपेत असताना आणि कॉन्फ्लिक्ट व्हायच्या आधी, काम संपलं असतं. १३७ चे ५३ तास झाले असते. एकच मोठा आकडा बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

मधल्या ४८ तासांचं कारण वेगळं. तिथे फेऱ्या मोजाव्या लागतात. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यात उन्हाळी वेळेनुसार साडेबारा तासांचं अंतर आहे, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेतेरा. एवढ्या अंतरात प्रश्न-उत्तराची एक फेरी म्हणजे एक दिवस. प्रश्न पाच मिनिटांचा असो की तासाचा, दर एक दिवसच. तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवस. इथे रिव्ह्यूअरला आणखी घाई करायला लावून काहीही मिळत नाही, ती आधीच पंधरा मिनिटांत उत्तर देते आहे. फेऱ्या कमी करणं किंवा फेरीच साडेबारा तासांच्या अलीकडे आणणं, एवढेच दोन मार्ग आहेत.

मोजताना होणाऱ्या काही चुका इथेच सांगतो, कारण त्या मी स्वतः केल्या आहेत. गिटहबमधली पीआरची `createdAt` ही वेळ ड्राफ्ट उघडला तेव्हापासूनची असते. बरेच जण काम चालू असतानाच ड्राफ्ट टाकून ठेवतात, ही चांगली सवय आहे, आणि `createdAt` धरून मोजलं तर नेमकी तीच सवय आकडा बिघडवते. म्हणून `ready_for_review` ही घटना असेल तर घड्याळ तिथून सुरू करावं. पहिल्या प्रतिसादात बॉटच्या कमेंट धरू नयेत. आमच्याकडे टेस्टचं कव्हरेज सांगणारा बॉट दोन मिनिटांत बोलायचा आणि पहिले तीन आठवडे आमचा प्रतिसादाचा वेळ दोन मिनिटं दिसत होता. शिवाय पीआर टाकणाऱ्याने एखाद्या कमेंटला तिथल्या तिथे उत्तर दिलं की तेही रिव्ह्यू म्हणून नोंदलं जातं, तेव्हा लेखकाचं नाव गाळणं आवश्यक आहे. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय कुणी डॅशबोर्ड दाखवला तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

याहून मोठी फसगत सरासरीत आहे, आणि ती चौकसपणे मोजणाऱ्यालाही चकवते. समजा, एका टीमने ऑगस्टमध्ये दहा पीआर मर्ज केले. त्यांना लागलेले तास असे: २, ३, ३, ४, ५, ६, ८, २०, ५० आणि ९९. सरासरी वीस तास येते. पण दहांपैकी सात पीआर आठ तासांच्या आत झाले आहेत. वीस तास हा अनुभव जवळजवळ कुणाचाच नाही. मध्यक काढला तर साडेपाच तास येतो, तो बऱ्याच जणांचा खरा अनुभव सांगतो, पण शेवटचे दोन पीआर त्यात पूर्ण लपून जातात. आणि दुखणं त्या शेपटीतच असतं. मेटा कंपनीने २०२२ मध्ये आपल्या रिव्ह्यूच्या वेळेविषयी लिहिलं तेव्हा त्यांचंही निरीक्षण असंच होतं: इंजिनिअरांच्या नाराजीचा संबंध सगळ्यांत संथ पाव हिश्शाशी होता. म्हणून त्यांनी त्या संथ हिश्शाची सीमा मोजायला घेतली. लहान टीमला एवढं गणितही लागत नाही. दहांपैकी शेवटचे दोन कोणते आणि ते का रखडले, हे नावानिशी बघितलं की पुरतं.

पण या दहांच्या यादीत मुळीच नसलेले पीआर कुठे आहेत? समजा, ऑगस्टअखेर त्याच टीमचे तीन पीआर अजून उघडेच आहेत, एक १२ दिवसांपासून, एक १७ आणि एक २७. ते मर्ज झालेले नाहीत, म्हणून मर्जच्या वेळेत त्यांची गणती शून्य. सगळ्यांत आजारी पेशंट थर्मामीटरपर्यंत पोचलेलेच नाहीत.

आता सप्टेंबरमध्ये टीमने शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. नेहमीचे आठ पीआर २ ते २० तासांत झालेच, शिवाय सगळे बसले आणि ते तीन जुने पीआर महिन्याच्या मध्यापर्यंत मार्गी लावले. मर्ज होताना त्यांचं वय २५, ३० आणि ४० दिवस झालं होतं. सप्टेंबरची सरासरी काय येते? २१२ तास, जवळजवळ नऊ दिवस. ऑगस्टच्या दहापट. टीमने वर्षातलं सगळ्यांत चांगलं काम केलं आणि आलेख लाल झाला. याउलट, ते तीन पीआर कुणी मर्ज न करता नुसते बंद करून टाकले असते, महिनाभराची मेहनत कचऱ्यात गेली असती, तर सप्टेंबरची सरासरी साडेसहा तासांच्याही आत आली असती आणि बैठकीत टाळ्या पडल्या असत्या.

म्हणून मर्जच्या वेळेशेजारी मला नेहमी दुसरी यादी हवी असते: आज, या क्षणी, कोणते पीआर उघडे आहेत आणि त्यांचं वय काय. तिला महागडं साधन लागत नाही.

```
gh pr list --state open --search "draft:false" --limit 200 \
  --json number,title,createdAt \
  --jq 'sort_by(.createdAt) | .[] | "\(.createdAt[:10]) #\(.number) \(.title)"'
```

सगळ्यांत जुना पीआर वर येतो. इथे पुन्हा `createdAt`च आहे, त्यामुळे ड्राफ्टमधून उशिरा बाहेर आलेले पीआर थोडे म्हातारे दिसतील. पण रोजच्या नजरेसाठी ते चालतं. उघड्या पीआरची नुसती संख्याही बोलकी असते. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेत सरासरी किती जण असतील, ते दर दिवशी किती येतात आणि प्रत्येक जण किती दिवस थांबतो यांचा गुणाकार. दिवसाला चार पीआर येत असतील आणि एकेक तीन दिवस थांबत असेल, तर कधीही पाहा, बाराच्या आसपास उघडे दिसतील. येणारे चारच आहेत आणि उघडे मात्र वीस झाले, तर थांबण्याचा वेळ पाच दिवसांकडे निघाला आहे. मर्जच्या सरासरीत हे दिसायला आणखी दोन-तीन आठवडे लागतील, यादीत ते आजच दिसतं.

आता त्या भीतीकडे, घड्याळ लावलं की रिव्ह्यू उथळ होतो या. ती केव्हा खरी ठरते हे मी पाहिलं आहे. आकडा अप्रेझलच्या फॉर्ममध्ये गेला त्या दिवसापासून.

मी ज्या कंपनीत तेव्हा होतो तिथे एका वर्षी रिव्ह्यूचा वेळ आणि मर्जचा वेळ माणसागणिक मोजून वार्षिक मूल्यमापनात घेतला. दोन महिन्यांत दोन्ही आकडे सुधारले. कसे सुधारले तेही सांगतो. लोक आधी चॅटवर कोड दाखवून सगळं ठरवून घ्यायचे आणि मग पीआर उघडायचे, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू व्हायचं. मोठी शंका आली तर पीआर बंद करून नवा उघडायचे, घड्याळ पुन्हा शून्यावर. चारशे ओळींवर तीन मिनिटांत मंजुरी यायला लागली. कॅलिफोर्नियाला पीआर पाठवायचा असेल तर सकाळी दहाला तयार असलेलं काम लोक रात्री नऊपर्यंत खिशात ठेवायचे, कारण सकाळी उघडला तर पहिल्या प्रतिसादाला पावणेबारा तास दिसायचे आणि रात्री उघडला तर पाऊण तास. बदल त्याच रात्री पाहिला जायचा, काहीही फरक पडत नव्हता, पण आकड्यात अकरा तासांची बचत.

आणि एक गोष्ट मला आजही सलते. आमच्यातल्या एका नव्या मुलाचा मर्जचा वेळ झपाट्याने खाली आला. त्याचं कौतुकही झालं. नोव्हेंबर उजाडला, तिकडची घड्याळं मागे गेली, तेव्हा कळलं की तो रोज रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडून बसत होता, म्हणजे बाईंची कमेंट आली की तिथल्या तिथे दुरुस्ती करता यावी आणि दुसरी फेरी त्याच रात्री व्हावी. नोव्हेंबरात ते साडेदहा ते बारा झालं. दिवसाची पाळी तो पूर्ण करतच होता. वाकडच्या खोलीत त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राने मला सांगितलं, "सर, तो जेवतोही लॅपटॉपसमोर." फेरीचा वेळ खरोखर कमी झाला होता, त्या दृष्टीने आकडा अगदी प्रामाणिक होता. तो झोपेतून काढला होता, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. ती माझीही चूक होती. मी आकडा बघत होतो आणि कमेंटच्या शेजारची वेळ बघत नव्हतो.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल म्हटलं होतं की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्यातली नियमितता ढासळते. बँकेच्या आकड्यांबाबत ते जितकं खरं, तितकंच पीआरबाबत. फरक असा की इथे आकडा हलवणं फारच सोपं आहे. पीआर कधी उघडायचा, ड्राफ्टमधून कधी काढायचा, कधी बंद करायचा, हे सगळं ज्याचा आकडा मोजला जातो त्याच्याच हातात असतं.

यावर काही जण म्हणतात की मग शेजारी गुणवत्तेचा आकडा ठेवा म्हणजे झालं. मेटाने तसा प्रयत्न केला होता: रिव्ह्यूचा वेळ कमी करताना, माणसं प्रत्यक्ष किती वेळ तो बदल पाहत आहेत हेही मोजत राहायचं, आणि तो पाहण्याचा वेळ घसरला तर सावध व्हायचं. रांगेच्या पातळीवर ही जोडी मला पटते. आपल्याकडे असा पाहण्याचा वेळ नोंदवणारं साधन नसेल तर महिन्यात किती बदल दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावे लागले हे मोजता येतं, आणि शंभर ओळींहून मोठ्या किती पीआरना एकही कमेंट न येता मंजुरी मिळाली हेही. दुसरा आकडा शून्य नसणारच. काही पीआर खरोखर निर्दोष असतात, नाव बदलल्यासारखे बदल ओळींनी मोठे दिसतात. पण तो मागच्या तिमाहीपेक्षा दुप्पट झाला असेल तर कुणीतरी वाचायचं थांबवलं आहे. मात्र हीच जोडी माणसागणिक लावली तर ती पहिल्या आकड्याइतकीच निकामी होते. पडद्यावर पीआर उघडा ठेवून चहाला जाणं कुणालाही जमतं, आणि कमेंट दाखवायची असेल तर "हे नाव थोडं बदलशील का?" एवढंही पुरतं.

मग मॅनेजरने व्यक्तीविषयी काहीच पाहू नये का, असा प्रश्न मला विचारला जातो. पाहावं, पण ओझ्याच्या अंगाने. रिव्ह्यूच्या विनंत्या कुणाकडे किती जातात हे काढलं तर बहुतेक टीममध्ये दोन-तीन नावांवर बहुतांश भार दिसतो. त्या माणसांचा प्रतिसाद संथ असणारच. ज्याच्याकडे आठवड्याला पंचवीस विनंत्या येतात आणि ज्याच्याकडे तीन येतात, त्यांचे तास एका रकान्यात मांडणं हा त्या पहिल्या माणसावर अन्याय आहे. तोच सगळ्यांत जास्त काम करतो आणि यादीत सगळ्यांत खाली दिसतो. शिवाय रिव्ह्यूचं काम स्प्रिंटच्या नियोजनात धरलेलं नसतं, ते सगळ्यांच्या वाट्याचं, म्हणून कुणाच्याच हिशोबातलं नाही. आकडा वाढला की माझा पहिला प्रश्न असतो: किती जणांना हा कोड मंजूर करायचा अधिकार आहे, आणि ते आत्ता कुठे आहेत?

आमच्या १३७ तासांच्या पीआरचं उत्तर शेवटी तिथेच सापडलं. रेपोमध्ये `CODEOWNERS` नावाची एक साधी फाइल असते, कोणत्या फोल्डरला कुणाची मंजुरी लागते ते तिच्यात लिहिलेलं असतं. पेमेंटच्या फोल्डरसमोर फक्त कॅलिफोर्नियाची टीम होती. ती ओळ कुणीतरी काही वर्षांपूर्वी लिहिली होती, तेव्हा पुण्यात तो कोड जाणणारं कुणी नव्हतं. आता दोघं होते. ओळ बदलायला एक मिनिट लागलं असतं, पण पेमेंटचा कोड आहे, नुसतं नाव घालून चालणार नव्हतं. तीन महिने त्या दोघांनी आधी रिव्ह्यू करायचा आणि बाईंनी नंतर त्यावर नजर टाकायची असं चाललं. बाईंना सांगण्यासारखं काही उरेनासं झालं तेव्हा त्यांनी स्वतःच त्या दोघांची नावं फाइलमध्ये घातली. ऑटो-मर्ज त्याआधीच चालू केलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यात डॅशबोर्ड पाहिला. पेमेंटचे बरेचसे पीआर सकाळी उघडून त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आत जात होते, दोन फेऱ्या झाल्या तरी. रात्री साडेनऊनंतर पुण्यातून कमेंट जवळजवळ येत नव्हत्या. आता मी तो रकाना आधी बघतो. आणि रिव्ह्यूचा वेळ मात्र वाढला होता. पूर्वी बाईंची पंधरा मिनिटं दिसायची, आता पुण्यातल्या दोघांचे तीन-साडेतीन तास दिसत होते. साहजिक होतं. बाईंसमोर रात्रभराचे पीआर सकाळी तयार वाढून ठेवलेले असायचे. या दोघांना ते दिवसभर, स्वतःचं काम चालू असताना मधेच येत होते, आणि हातातलं संपवून ते पाहत होते.

तिमाहीच्या बैठकीत वरिष्ठांनी तोच आकडा लाल वर्तुळात दाखवला आणि विचारलं, "हे दोघं इतके मंद का आहेत?" मी लॅपटॉप पुढे ओढला आणि ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारचा पीआर उघडून, पहिल्या ओळीपासून, वेळा वाचून दाखवायला सुरुवात केली.